पास झालेल्या परीक्षेच्या नोट्स विकताना आणि छोटी ऑनलाइन बॅच चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राज्यसेवा ऑब्जेक्टिव्ह पद्धतीच्या काळात पास झाले, नोकरी केली, मग राजीनामा दिला. त्याआधी यूपीएससीची मुख्य परीक्षा दोनदा लिहिली होती, दोन्ही वेळा यादीत नाव आले नाही. आता राज्यव्यवस्थेच्या नोट्स विकते आणि उत्तरलेखनाची छोटी बॅच घेते. "ताई, मलाही सुरू करायचंय" असे मेसेज येतच राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात तेवढेच इथे घेतले आहेत. उत्तरे राज्यसेवेच्या अनुषंगाने आहेत.

१. मी मुख्य परीक्षा पास झालो, पण मुलाखतीनंतर यादीत आलो नाही. मी शिकवू शकतो का?

शिकवू शकता. शिकवायला पोस्ट लागतेच असा काही नियम नाही. मात्र जे पास झालात तेच सांगा. "मुख्य परीक्षा उत्तीर्ण, मुलाखत दिली" असे स्वच्छ लिहा. "राज्यसेवा क्रॅक" असे मोघम लिहिले की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बैठक क्रमांक घालून निकालाची पीडीएफ उघडतो, आणि पुढचे तीन महिने तुम्ही काहीही शिकवलेत तरी चर्चा त्याचीच होते. ज्या पेपरमध्ये तुमचे गुण खरोखर चांगले आहेत तो एकच विषय घ्या. सगळा अभ्यासक्रम एकट्याने शिकवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तसे म्हणणारे बरेच पाहिले आहेत.

२. ऑब्जेक्टिव्हच्या काळातल्या माझ्या नोट्स आता चालतील का?

पूर्व परीक्षेसाठी थोडी डागडुजी करून चालतील. मुख्य परीक्षेसाठी आहेत तशा चालणार नाहीत. आयोगाने वर्णनात्मक पद्धत २०२३ पासून आणायचे ठरवले होते, उमेदवारांच्या आंदोलनानंतर ती २०२५ वर गेली. आता गुणवत्तेत धरले जाणारे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे आहेत, म्हणजे १७५० गुण, आणि वर २७५ ची मुलाखत. मराठी आणि इंग्रजी हे भाषेचे पेपर फक्त पात्रतेपुरते.

फरक कुठे पडतो ते माझ्याच वहीतून सांगते. 'राज्यपाल' या घटकाच्या माझ्या जुन्या पानावर कलमांची उतरंड होती: १५३ राज्यपालपद, १५५ नेमणूक, १५६ मुदत, १६१ माफीचा अधिकार, २१३ अध्यादेश. चार पर्यायांतून एक निवडायला एवढे पुरत होते. आता प्रश्न येईल तो राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारावर. तिथे कलम १६३ मधली मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची भाषा, कलम २०० खाली विधेयक रोखून धरण्याचा वाद, सरकारिया आयोगाचा १९८८ चा अहवाल आणि बोम्मई खटल्याचा १९९४ चा निकाल हे सगळे एका युक्तिवादात ओवावे लागते. ते जुने पान आता नव्या नोट्सचा फक्त समास झाले आहे.

तुम्ही स्वतः कधीच वर्णनात्मक पेपर लिहिलेला नसेल, तर उत्तरलेखन शिकवायच्या आधी तीन तास घड्याळ लावून एक पूर्ण पेपर लिहा. दहाव्या उत्तरानंतर मनगटाचे काय होते हे माहीत नसलेल्या माणसाने वेळेच्या नियोजनावर बोलू नये, असे माझे मत आहे.

३. नुसत्या नोट्स विकू की बॅच घेऊ?

दोन्ही धंदे वेगळे आहेत. नोट्सना आधी एकदा भरपूर वेळ लागतो, नंतर थोडा. बॅचला प्रत्येक विद्यार्थ्यामागे वेळ लागतो आणि तो कधीच कमी होत नाही. नोट्स फुटतात (प्रश्न ८), तपासलेले उत्तर फुटले तरी दुसऱ्याच्या काही कामाचे नसते.

बाजाराचे बघाल तर पीडीएफचा सुकाळ आहे. राज्यव्यवस्थेच्या नोट्स फुकट हव्या असतील तर अर्ध्या तासात पंचवीस सापडतात. दुष्काळ आहे तो उत्तर वाचून "दुसऱ्या परिच्छेदात तू प्रश्न सोडलास" असे सांगणाऱ्या माणसाचा. म्हणून मी नोट्स स्वस्त ठेवते आणि तपासणीचे पैसे घेते. ज्यांना लोकांशी रोज बोलायचा कंटाळा आहे त्यांनी मात्र बॅचच्या वाटेला जाऊ नये, नोट्सच कराव्यात.

४. माझ्या नोट्स म्हणजे क्लासच्या प्रिंट्सवर मी केलेल्या खुणा आणि पुस्तकातले उतारे आहेत. त्या विकता येतील का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असते.

कॉपीराइट कायदा, १९५७ माहितीला संरक्षण देत नाही, मांडणीला आणि शब्दांना देतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली ही कोणाचीही मालमत्ता नाही. पण एखाद्या लेखकाने त्या दुरुस्तीवर बनवलेला तक्ता, त्यातले रकाने, त्याची उदाहरणे त्याची आहेत, मग तुम्ही ती स्वतःच्या अक्षरात उतरवलेली असोत. हाताने लिहिले म्हणजे आपले झाले असे होत नाही. क्लासच्या प्रिंट्सचेही तेच, फी भरली ती शिकण्याची. एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तके सरकारी असल्याने मोकळी आहेत हाही गैरसमज आहे. त्यांतले नकाशे आणि आकृत्या उचलू नका.

कायद्यांच्या मूळ पाठाबाबत थोडी मोकळीक आहे. विधिमंडळाने केलेला अधिनियम भाष्यासह किंवा इतर मूळ मजकुरासह छापायला परवानगी आहे. म्हणजे पंचायत कायद्यातले कलम देऊन खाली तुमचे विवेचन, हे चालते. नुसता कायदा पीडीएफ करून विकणे चालत नाही, आणि तो विकत घेणाऱ्याचीही कमाल म्हणायची.

मी केले ते असे: वही मिटून ठेवली, घटकाचे नाव वर लिहिले आणि आठवेल तेवढे माझ्या शब्दांत लिहिले. मग आकडे आणि कलमे मूळ स्रोतावरून तपासली. दीडशे पानांच्या वहीतून साठ पाने निघाली. बाकीची नव्वद दुसऱ्यांची होती.

५. फी किती ठेवू? कमी ठेवायची इच्छा आहे, पण परवडेल का?

आधी तास मोजा, मग फी. माझ्या पहिल्या बॅचच्या आधी मी हे केले नाही. खालचे गणित आता मी प्रत्येक बॅचच्या आधी मांडते.

समजा १२ आठवड्यांची बॅच आहे, ३० विद्यार्थी, फी १,२०० रुपये. प्रत्येकाने आठवड्याला चार उत्तरे पाठवायची. म्हणजे १,४४० उत्तरे. एका उत्तराला चार मिनिटे धरली तर ९६ तास. आठवड्याला दीड तासाचे एक सत्र म्हणजे १८ तास, त्याच्या तयारीला आणखी १८. मेसेजवरच्या शंका रोज अर्धा तास, ८४ दिवसांचे ४२ तास. एकूण १७४ तास. जमा ३६,०००. पेमेंट गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८५० रुपये जातात, उरतात ३५,१५०. तासाला दोनशे रुपये.

आता तीच बॅच १५ जणांची करा आणि फी २,००० ठेवा. तपासणी ४८ तासांवर येते, शंका साधारण २१ वर. सत्र आणि तयारी तेवढीच राहते, ३६ तास. एकूण १०५. हातात २९,२९२. तासाला २७९. पैसे सहा हजारांनी कमी आले, पण ६९ तास वाचले आणि उत्तरे वेळेवर परत गेली.

फी कमी ठेवायचीच असेल तर विद्यार्थी वाढवून ती भरून काढता येत नाही, कारण तपासणी विद्यार्थ्यागणिक वाढते. त्यापेक्षा उत्तरांची संख्या कमी करा. आठवड्याला चारऐवजी दोन उत्तरे, फी १,०००. दोन उत्तरे नीट तपासून मिळाली तर मुले ती पुन्हा लिहून पाठवतात. चार असली की आधीची वाचतही नाहीत.

६. उत्तर तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे? गुण द्यायचे का?

गुण मी देत नाही. आयोगाचा परीक्षक किती देईल हे मला माहीत नसते आणि दहापैकी साडेचार की पाच यावर वाद घालण्यात वेळ जातो. मी प्रत्येक उत्तरावर तीनच गोष्टी लिहिते: प्रश्नाचा कोणता भाग सुटला, कोणते वाक्य पुराव्याशिवाय उभे आहे, आणि काय काढले तर जागा होईल.

मागच्या बॅचमधले एक उत्तर घेऊ. प्रश्न होता: 'ग्रामसभेला घटनात्मक दर्जा मिळूनही ती प्रभावी का ठरली नाही? चर्चा करा.' मुलाने पहिल्या साठ शब्दांत पंचायत राजचा इतिहास लिहिला, बलवंतराय मेहता समितीपासून. मग २४३-अ कलम, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय. शेवटी "ग्रामसभा सक्षम झाली पाहिजे." माहिती सगळी बरोबर. पण प्रश्नातला 'का' कुठेच नव्हता.

मी इतिहासाच्या साठ शब्दांवर रेघ मारली. २४३-अ च्या शेजारी लिहिले: "या कलमात ग्रामसभेचे अधिकार ठरवण्याचे काम राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. तुझे उत्तर इथून सुरू होते." शेवटच्या वाक्याखाली लिहिले: "कोणी, कशाने?" आणि सुचवले की अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा तुलनेला घे, तिथे ग्रामसभेला नेमके अधिकार दिलेले आहेत. वेळ लागला पाच मिनिटे. दोन दिवसांनी त्याने तेच उत्तर पुन्हा लिहून पाठवले, ते आधीच्यापेक्षा चाळीस शब्दांनी लहान होते आणि पहिल्याच ओळीत कारण होते.

"छान प्रयत्न, अजून मुद्दे वाढवा" असा शेरा लिहायला दहा सेकंद लागतात. तो पैसे घेऊन लिहू नका.

७. नोट्स टाइप करू की हस्तलिखित स्कॅन करू?

टाइप करा, आणि युनिकोडमध्ये. जुन्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ दिसायला सुंदर असते, पण मोबाइलवर 'राज्यपाल' शोधले तर काहीच सापडत नाही, कारण आत वेगळीच अक्षरे असतात. हस्तलिखिताचेही तेच. शिवाय वर्षभराने एखादा आकडा बदलायचा म्हणजे पूर्ण पान पुन्हा लिहायचे. पानाची रुंदी मोबाइलच्या पडद्याचा विचार करून ठेवा. दोन रकान्यांचे पान छपाईत छान दिसते, फोनवर सारखे डावी-उजवीकडे सरकवावे लागते.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख टाका. "माझ्याकडची नवी आहे का?" हे मेसेज त्याने थांबतात.

८. पीडीएफ विकली की दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर येते. काय करू?

पूर्ण थांबवता येत नाही. ड्राइव्हवर डाउनलोड बंद केले तरी स्क्रीनशॉट निघतात. पासवर्ड लावला तर फाइलबरोबर पासवर्डही पुढे जातो.

ज्याने फरक पडतो ते म्हणजे घेणाऱ्याचे नाव. मी प्रत्येकासाठी वेगळी पीडीएफ काढते, पानाच्या मधोमध फिकट अक्षरात नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. हे फक्त तळाशी ठेवू नका. एकदा माझी फाइल एका चॅनेलवर दिसली, तळपट्टी सगळीकडे पांढरी करून टाकलेली होती. पण एका तक्त्याच्या रेघांमध्ये मधले आकडे राहून गेले होते. मी त्या मुलाला फोन केला. त्याने मित्राला दिली होती, मित्राने पुढे. दोन तासांत काढली गेली. चॅनेलवर कॉपीराइटची तक्रारही करता येते, पण नवे चॅनेल उघडायला त्यांना मिनिटही लागत नाही.

किमतीचाही यात वाटा आहे. हजाराची फाइल पाच जण वर्गणी काढून घेतात. दीडशेची फाइल असेल आणि दर तिमाहीला सुधारित पाने फक्त नोंदणी असलेल्यांना मिळणार असतील, तर फुटलेली प्रत तीन महिन्यांत शिळी होते.

९. पैसे कसे घ्यायचे? जीएसटी लागतो का?

दहा-पंधरा जणांपर्यंत यूपीआय पुरेसे आहे, फक्त त्यासाठी बँक खाते वेगळे ठेवा. त्यापुढे गेटवे बरा, कारण पावती आपोआप जाते आणि कोणी भरले, कोणी नाही याची वही ठेवावी लागत नाही.

सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी बंधनकारक होते. प्रश्न ५ मधल्या आकड्यांवरून दिसेल की छोट्या बॅचवाला तिथपर्यंत सहसा जात नाही. आयकर मात्र वेगळा. ही मिळकत व्यवसायाचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावी लागते, रक्कम लहान असली तरी. गेटवेचे पैसे, इंटरनेट, छपाई यांची बिले जपून ठेवा.

१०. जाहिरातीत माझी गुणपत्रिका आणि पास झालेल्या विद्यार्थ्यांचे फोटो टाकू का?

स्वतःची गुणपत्रिका टाका, बैठक क्रमांक झाकून. जो पेपर शिकवता त्याचे गुण झाकू नका.

विद्यार्थ्यांच्या फोटोंबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायला विद्यार्थ्याची लेखी संमती हवी, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्मवरच सही घेऊन ठेवणे चालत नाही. दुसरे, त्याने तुमच्याकडे कोणता कोर्स केला आणि तो सशुल्क होता का, हे जाहिरातीतच सांगावे लागते. यातली 'कोचिंग सेंटर'ची व्याख्या पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांपुरती आहे. पण तुमच्याकडे वीसच असले तरी हाच शिरस्ता पाळा. तुमची चार उत्तरे तपासून घेतलेला मुलगा पास झाला, तर "आमचा विद्यार्थी" म्हणण्याआधी त्याने आणखी किती ठिकाणी फी भरली होती ते त्याला विचारा.

११. 'परीक्षेपर्यंत मार्गदर्शन' असे लिहिले होते आणि परीक्षाच पुढे गेली. आता?

आता शब्द पाळा आणि पुढच्या वेळी असे लिहू नका. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे जात जात २१ मार्च २०२१ ला झाली. २०२४ ची पूर्व २५ ऑगस्टची होती, ती १ डिसेंबरला झाली. तीन महिन्यांच्या फीमध्ये तुम्ही वर्षभर बांधले जाऊ शकता.

कालावधी नेहमी तारखेत लिहा: "सत्रे १२, उत्तरे २४, शेवटची तारीख अमुक." परीक्षा पुढे गेल्यास मी सुधारित पाने देते, तपासणी नाही. तसे आधीच लिहून ठेवलेले असते, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेत नाही.

१२. अर्ध्यावर सोडणाऱ्याला पैसे परत द्यायचे का?

बॅचचे द्या. पहिल्या दोन आठवड्यांत सोडले तर झालेल्या सत्रांचे कापून बाकीचे सगळे. नंतर उरलेल्या उत्तरांच्या हिशोबाने. एकदा पाठवलेल्या पीडीएफचे परत देत नाही, म्हणून पाच पाने नमुना आधी उघडी ठेवते. त्यांत प्रस्तावना किंवा अनुक्रमणिका नसते, मधल्या एखाद्या अवघड घटकाची पाने असतात.

१३. मी शासकीय सेवेत आहे. सुट्टीच्या दिवशी बॅच घेऊ शकतो का? किंवा बायकोच्या नावावर?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार, धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही. सुट्टीचा दिवस, रात्रीची वेळ, ऑनलाइन असणे, फी नाममात्र असणे, यांपैकी कशानेही ते बदलत नाही. परिविक्षाधीन असाल तरी हेच. साहित्यिक स्वरूपाच्या प्रासंगिक कामाला सवलत आहे, पण दर आठवड्याला फी घेऊन चालणारी बॅच प्रासंगिक म्हणता येत नाही. शिकवायचेच असेल तर फुकट शिकवा, तेही वरिष्ठांना कळवून.

बायकोच्या नावाची पळवाट बरेच जण विचारतात. पत्नी खरोखर स्वतः शिकवत असेल तर तो तिचा व्यवसाय आहे, पण कुटुंबातले कोणी धंदा करत असेल तर तसे कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि बॅनरवर फोटो तुमचा, सत्रात आवाज तुमचा, खाते तिचे, असे असेल तर ते कळायला चौकशी लागत नाही. सत्राचे रेकॉर्डिंग पुरते.

१४. निवड झाली आहे पण नियुक्ती मिळालेली नाही. मधल्या काळात बॅच घेतली आणि मध्येच आदेश आला तर?

रुजू होईपर्यंत तुम्ही शासकीय कर्मचारी नाही, त्यामुळे तोवर घेता येते. पण आदेश कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून या काळात सहा आठवड्यांहून मोठी बॅच घोषित करू नका आणि पूर्ण फी एकदम घेऊ नका, दोन आठवड्यांची घ्या. आदेश आला की रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतची उत्तरे तपासून द्या आणि उरलेले पैसे परत करा. ओळखीतल्या दुसऱ्याकडे बॅच सोपवायची असेल तर प्रत्येक विद्यार्थ्याला विचारून, आणि त्यात स्वतःचा वाटा न ठेवता. नोट्सची विक्रीही त्याच दिवशी बंद करा. पेमेंटची लिंक चालू राहिली तर पैसे येत राहतात. माझ्या ओळखीच्या एकाला रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात खात्यात १५० रुपये जमा दिसले, तेव्हा आठवले की एका जुन्या पोस्टखाली ती लिंक तशीच आहे.